उशिरा आलेला माल नाकारताना : पुरवठादाराला पाठवायचे पत्र आणि विलंब भरपाईचे कलम

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले आहेत आणि पतसंस्थेच्या दारात टेम्पो उभा आहे. आत स्टीलचे ५०० डबे आहेत. प्रत्येक डब्यावर संस्थेचे नाव आणि ‘दिवाळी २०२५’ असे कोरलेले आहे. चालक हातात चलन घेऊन सही मागतो आहे. सभासदांना भेट कधीच वाटून झाली आहे. आता हा माल घ्यायचा, की परत पाठवायचा? परत पाठवायचा तर करारातील ‘दर आठवड्याला एक टक्का’ या कलमाचे काय करायचे? आणि हे सगळे पत्रात कसे लिहायचे, की संबंधही तुटू नयेत आणि हक्कही सुटू नये?

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण छपाई, फर्निचर, गणवेश, पॅकिंगचे खोके अशा कुठल्याही खरेदीत तो घडू शकतो. अशा वेळी लिहिल्या जाणाऱ्या पत्रांत दोन प्रकारच्या चुका होतात. काही पत्रे रागाने भरलेली असतात आणि त्यात हिशेब नसतो. काही पत्रे इतकी मवाळ असतात की माल नाकारला की स्वीकारला हेच त्यातून कळत नाही. खरी अडचण मात्र तिसरीच आहे. माल नाकारणे आणि विलंबाची भरपाई मागणे या दोन गोष्टी एकमेकींच्या पाठराखणी वाटतात, पण कायद्याच्या नजरेने त्या एकमेकींना अडवू शकतात.

प्रसंग नेमका काय आहे?

समजा, कोल्हापुरातील पगारदार नोकरांच्या एका पतसंस्थेने १ ऑगस्ट २०२५ रोजी ८०० डब्यांचा खरेदी आदेश दिला. दर डब्याला ६५० रुपये, म्हणजे एकूण ५,२०,००० रुपये. (हिशेब सोपा राहावा म्हणून येथे कर धरलेला नाही.) आगाऊ रक्कम २० टक्के, म्हणजे १,०४,००० रुपये दिली गेली. माल पोहोचवण्याची तारीख ३० सप्टेंबर होती. आदेशात ‘सभासदांना धनत्रयोदशीपूर्वी वाटण्यासाठी’ असेही लिहिले होते. त्या वर्षी धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला होती.

आदेशातील कलम ९ असे होते : मुदतीत न आलेल्या मालाच्या किमतीवर विलंबाच्या प्रत्येक पूर्ण आठवड्यासाठी एक टक्का, जास्तीत जास्त दहा टक्के, भरपाई आकारली जाईल आणि ती बिलातून वळती करून घेता येईल.

३० सप्टेंबरला काहीच आले नाही. ७ ऑक्टोबरला ३०० डबे आले. संस्थेने ते घेतले, पण चलनावर ‘एक आठवडा उशिरा मिळाले, कलम ९ चा हक्क राखून’ असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी तिने पुरवठादाराला कळवले की उरलेले ५०० डबे १३ ऑक्टोबरच्या संध्याकाळपर्यंत आले नाहीत तर ते घेतले जाणार नाहीत. तेही आले नाहीत. १४ तारखेला संस्थेने उरलेल्या मालापुरता आदेश रद्द केल्याचा एका ओळीचा ईमेल पाठवला आणि बाजारातून तयार ५०० डबे ६९० रुपये दराने विकत घेतले. दिवाळी पार पडली. आणि २५ ऑक्टोबरला टेम्पो दारात आला.

भरपाईचे कलम नकाराच्या आड कसे येते?

भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ५५ नुसार, ठरलेली वेळ हा कराराचा गाभा असेल आणि ती पाळली गेली नाही, तर समोरच्याला करार रद्द करता येतो. वेळ हा गाभा नसेल, तर उशिरा आलेला माल नाकारता येत नाही, फक्त उशिरामुळे झालेले नुकसान मागता येते. म्हणून ‘वेळ हा गाभा होता का?’ या प्रश्नावर सगळे अवलंबून असते.

इथेच भरपाईचे कलम उलटू शकते. पुरवठादार म्हणू शकतो, ‘उशीर झाला तर दर आठवड्याला एक टक्का, असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे उशीर होऊ शकतो हे तुम्ही धरूनच चालला होता. टक्का कापा आणि माल घ्या.’ हा युक्तिवाद पोकळ नाही. महाराष्ट्र शासन आणि हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स यांच्यातील बांधकामाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये हेच तत्त्व मांडले. करारात मुदतवाढीची किंवा उशिराच्या दर दिवसाच्या वा आठवड्याच्या दंडाची तरतूद असेल, तर ‘वेळ हा कराराचा गाभा आहे’ हे शब्द लिहिलेले असूनही निष्प्रभ ठरू शकतात. त्या प्रकरणात शासनाने केलेली करार रद्दबातल करण्याची कृती चुकीची ठरली.

मालाच्या व्यापारी खरेदीत वेळेला बांधकामापेक्षा जास्त वजन मिळते, आणि दिवाळीची भेट दिवाळीनंतर निरुपयोगी असते हे कोणालाही समजते. तरीही पतसंस्थेची बाजू आणखी एका कारणाने कच्ची झाली असती. ७ ऑक्टोबरला तिने ३०० डबे उशिरा स्वीकारले होते. मूळ तारीख आपणच सोडून दिली, असा त्याचा अर्थ काढता येतो.

हा दोष ८ ऑक्टोबरच्या पत्राने दूर झाला. त्यात नवी आणि शेवटची तारीख होती, ती पाळणे शक्य होईल इतका अवधी होता, आणि न पाळल्यास काय होईल हे स्पष्ट होते. अशी सूचना दिली की सैल झालेली वेळ पुन्हा घट्ट होते. म्हणजे नकाराचे पत्र जरी २५ ऑक्टोबरला लिहिले गेले, तरी त्याचा पाया ८ तारखेलाच घातला गेला होता. असे अंतिम मुदतीचे पत्र आधी गेले नसेल आणि करारात वेळेचे महत्त्वही स्पष्ट नसेल, तर माल नाकारण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेणे बरे. अशा वेळी अनेकदा माल घेऊन भरपाई कापणे हाच सुरक्षित मार्ग असतो.

टेम्पो दारात असताना काय करायचे?

पत्र लिहिण्याआधी दारातच बरेच काही ठरून जाते. वस्तू विक्री कायदा, १९३० याच्या कलम ४२ नुसार माल तीन प्रकारे ‘स्वीकारला’ गेला असे धरले जाते. एक, खरेदीदाराने तसे कळवले. दोन, माल मिळाल्यावर तो आपलाच असल्यासारखे काही केले, उदाहरणार्थ डबे फोडून वाटायला घेतले. तीन, नकार न कळवता वाजवी काळ माल तसाच ठेवून घेतला. तिसरा प्रकार सगळ्यात घातक, कारण त्यात काहीच करावे लागत नाही. गप्प बसणे पुरते.

म्हणून शक्य असेल तर माल उतरवूनच घेऊ नये. चालकाकडच्या चलनाच्या सर्व प्रतींवर लिहावे : ‘माल मुदतीनंतर आला. आदेश १४-१०-२०२५ रोजी रद्द. माल उतरवून घेतलेला नाही, स्वीकारलेला नाही.’ खाली तारीख, वेळ, सही आणि शिक्का. एक प्रत किंवा तिचा फोटो आपल्याकडे ठेवावा. चालकाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तो निरोप्या आहे.

पण समजा, साहेब यायच्या आत पहारेकऱ्याने खोकी उतरवून घेतली आणि ‘माल मिळाला’ म्हणून सही दिली. तरी सगळे संपत नाही. माल हातात येणे आणि माल स्वीकारणे या वेगळ्या गोष्टी आहेत. खोकी उघडू नयेत, वापरू नयेत, एका बाजूला ठेवून त्यांचे फोटो काढावेत आणि त्याच दिवशी नकार कळवावा. याच कायद्याचे कलम ४३ सांगते की, वेगळे ठरले नसेल तर, रीतसर नाकारलेला माल खरेदीदाराने स्वतः परत पोहोचवण्याची गरज नाही. नकार कळवणे पुरेसे असते, माल नेण्याची व्यवस्था पुरवठादाराने करायची.

आणखी एक घड्याळ चालू असते. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल तर २००६ चा एमएसएमई विकास कायदा लागू होतो. त्यानुसार माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला त्याच दिवशी तो स्वीकारला गेला असे धरले जाते आणि पैसे देण्याची मुदत तेव्हापासून मोजली जाते. फोनवरची तक्रार किंवा समोरासमोरची नाराजी इथे उपयोगाची नाही. हरकत लेखीच हवी.

‘दंड’ म्हणायचे की ‘भरपाई’?

बोलीभाषेत सगळे या तरतुदीला पेनल्टी किंवा दंड म्हणतात. पत्रात मात्र ‘भरपाई’ हा शब्द बरा, आणि त्यामागे केवळ सभ्यता नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार, करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. तिच्या आत राहून जी वाजवी भरपाई ठरेल, ती मिळते. शिक्षा म्हणून पैसे घेण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

हे दोन निकालांतून चांगले समजते. पहिला ओएनजीसी आणि सॉ पाइप्स यांच्यातील, २००३ चा. तेलविहिरींसाठी लागणारे पाइप पुरवायला उशीर झाला होता, कारण युरोपातील पोलाद कारखान्यांत संप होता. ओएनजीसीने मुदतवाढ दिली, पण देतानाच लिहून कळवले की करारातील भरपाई कापली जाईल. तिथेही दर होता आठवड्याला एक टक्का आणि कमाल दहा टक्के. पुढे लवादाने ‘नुकसान सिद्ध केले नाही’ म्हणून कापलेली रक्कम परत करायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उलटवला. नुकसानीचा रुपया-पैशांत हिशेब मांडणे अवघड असेल आणि दोन्ही बाजूंनी आधीच प्रामाणिक अंदाज करून रक्कम ठरवली असेल, तर ती मान्य करता येते.

दुसरा निकाल २०१५ चा, कैलाश नाथ असोसिएट्स आणि दिल्ली विकास प्राधिकरण यांच्यातील. प्राधिकरणाने भूखंडाच्या व्यवहारातील ७८ लाख रुपयांची इसारा रक्कम जप्त केली होती. पण तोच भूखंड नंतर कितीतरी जास्त किमतीला विकला गेला. नुकसान मुळी झालेच नव्हते. न्यायालयाने रक्कम परत करायला लावली. नुकसान मोजणे अवघड असेल तर मोजमाप माफ होऊ शकते, पण नुकसान झालेलेच नसेल तर भरपाईही नाही, हा त्याचा सारांश.

पत्र लिहिणाऱ्याने यातून एकच गोष्ट घ्यायची : नुकसान काय झाले ते एका वाक्यात सांगायचे. ‘आपल्याला अद्दल घडावी म्हणून दंड आकारत आहोत’ असे लिहिले तर आपणच आपली बाजू कमकुवत करतो. ‘वाटपाला माल अपुरा पडला, बाहेरून जास्त दराने घ्यावा लागला’ हे वाक्य साधे आहे, पण तेच कलम ९ ला जमिनीवर उभे करते.

हिशेब कसा मांडायचा?

पतसंस्थेचा हिशेब तीन ओळींचा आहे, आणि त्या तीन ओळी वेगळ्या ठेवणे महत्त्वाचे आहे.

पहिली ओळ ३०० डब्यांची. किंमत १,९५,००० रुपये, उशीर एक पूर्ण आठवडा, भरपाई १,९५० रुपये. हा माल संस्थेने उशिरा का होईना स्वीकारला होता. कलम ५५ म्हणते की, वेळ हा गाभा असताना उशिरा आलेला माल घेतला, तर उशिराबद्दलची भरपाई नंतर मागता येत नाही. माल घेतानाच तसे बजावलेले असले तर येते. चलनावरच्या त्या छोट्या शेऱ्याने ही ओळ वाचवली.

दुसरी ओळ ५०० डब्यांची. किंमत ३,२५,००० रुपये. विलंब ३० सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर, दोन पूर्ण आठवडे. भरपाई ६,५०० रुपये. इथे मोह होतो तो २५ ऑक्टोबरपर्यंतचे आठवडे मोजण्याचा. पण १४ तारखेला आदेश रद्द झाला. जो करार संपला, त्यात उशीर होत राहत नाही. २५ तारखेपर्यंत टक्का मोजला तर त्याचा अर्थ असा होईल की तोपर्यंत करार जिवंत होता आणि संस्था मालाची वाट पाहत होती. मग माल नाकारला कशाच्या आधारावर? एका जादा आठवड्याच्या ३,२५० रुपयांसाठी सगळा नकार धोक्यात येईल.

तिसरी ओळ बाहेरून घेतलेल्या मालाची. दर डब्यामागे ४० रुपये जास्त, ५०० डब्यांचे २०,००० रुपये. हे नुकसान उशिराचे नाही, माल न मिळाल्याचे आहे. ते कलम ९ मध्ये बसत नाही. ते करार कायद्याच्या कलम ७३ खाली, बिल जोडून, वेगळे मागावे लागते. करारात ‘कलम ९ मधील रक्कम हीच एकमेव भरपाई’ असे शब्द असतील तर ही ओळ सोडून द्यावी लागते. म्हणून पत्रापूर्वी आदेशाची मागची, बारीक अक्षरातली बाजू वाचून घ्यावी.

आता कापायचे किती? ३०० डब्यांचे संस्थेकडून येणे १,९५,००० रुपये. त्यातून आगाऊ दिलेले १,०४,००० वजा केले तर ९१,००० उरतात. कलम ९ बिलातून वळती करण्याची मुभा देते, म्हणून १,९५० आणि ६,५०० मिळून ८,४५० रुपये कापता येतात. द्यायचे राहतात ८२,५५० रुपये. २०,००० मात्र परस्पर कापू नयेत. कराराने तशी मुभा दिलेली नाही, आणि न ठरलेल्या नुकसानीची मागणी म्हणजे समोरच्याचे कर्ज नव्हे. ती मागणीच राहते, तो मान्य करेपर्यंत किंवा न्यायालय, लवाद ठरवेपर्यंत.

उरलेले ८२,५५० रुपये वेळेवर देणे हा या पत्राचाच भाग आहे. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघुउद्योग असेल तर स्वीकारलेल्या मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. ७ ऑक्टोबरला घेतलेल्या मालासाठी ती तारीख २१ नोव्हेंबर येते. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. वादाचे कारण पुढे करून वाद नसलेले पैसे अडकवले, तर आठ हजारांच्या भरपाईपेक्षा व्याजाचा आणि तक्रारीचा त्रास मोठा होऊ शकतो.

पत्र कसे दिसेल?

पहिला मसुदा बहुतेक वेळा असा असतो : ‘आपण आमची घोर फसवणूक केली आहे. सभासदांसमोर आमची मान खाली गेली. आपल्यावर दंडात्मक व कायदेशीर कारवाई का करू नये याचा खुलासा करावा.’ यात तारीख नाही, रक्कम नाही, आणि माल नाकारला असेही कुठे लिहिलेले नाही. ‘फसवणूक’ हा शब्द गुन्ह्याचा आरोप करतो, जो सिद्ध करण्याची तयारी संस्थेची नाही.

दुसऱ्या टोकाचा मसुदा असा : ‘आपला माल उशिरा आल्याने संस्थेची गैरसोय झाली आहे. तरी आपण योग्य तो विचार करावा ही विनंती.’ हे वाचून पुरवठादार एकच विचार करेल, की दोन-चार हजार कमी करून बिल पाठवावे.

या दोहोंच्या मध्ये असलेले पत्र असे होईल :

> दिनांक : २५ ऑक्टोबर २०२५
>
> प्रति,
> मा. व्यवस्थापक
> (पुरवठादाराचे नाव व पत्ता)
>
> विषय : खरेदी आदेश क्र. १४, दि. १ ऑगस्ट २०२५. मुदतीनंतर आणलेले ५०० डबे न स्वीकारल्याबाबत आणि कलम ९ नुसार विलंब भरपाईबाबत.
>
> महोदय,
>
> वरील आदेशाप्रमाणे ८०० डबे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत पोहोचणे ठरले होते. हे डबे धनत्रयोदशीपूर्वी सभासदांना वाटण्यासाठी आहेत, असे आदेशात नमूद आहे. त्यांपैकी ३०० डबे ७ ऑक्टोबर रोजी मिळाले व ते हक्क राखून स्वीकारले.
>
> उरलेल्या ५०० डब्यांसाठी आम्ही ८ ऑक्टोबरच्या पत्राने १३ ऑक्टोबर ही अंतिम मुदत दिली होती. त्या मुदतीत माल न आल्याने १४ ऑक्टोबर रोजी ईमेलने तेवढ्यापुरता आदेश रद्द केला. वाटप थांबवणे शक्य नसल्याने त्याच दिवशी बाजारातून ५०० डबे घ्यावे लागले.
>
> आज, २५ ऑक्टोबर रोजी दुपारी १२ वाजता आपल्या वाहनातून ५०० डबे आले. हा माल आम्ही स्वीकारलेला नाही व उतरवून घेतलेला नाही. चलनावर तसा शेरा दिला आहे. या मालाचे बिल कृपया रद्द करावे.
>
> कलम ९ नुसार विलंब भरपाई पुढीलप्रमाणे होते. ३०० डबे, एक आठवडा : १,९५० रुपये. ५०० डबे, ३० सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर, दोन आठवडे : ६,५०० रुपये. एकूण ८,४५० रुपये. ही रक्कम स्वीकारलेल्या मालाच्या देय ९१,००० रुपयांतून वळती करून उरलेले ८२,५५० रुपये ३१ ऑक्टोबरपर्यंत आपल्या खात्यावर जमा करत आहोत.
>
> बाजारातून घेतलेल्या मालासाठी २०,००० रुपये जादा खर्च झाला. त्याचे बिल सोबत जोडले आहे. ही रक्कम आपण भरून द्यावी, अशी विनंती आहे. त्याबद्दल आपले म्हणणे १० नोव्हेंबरपर्यंत लेखी कळवावे. हिशेबात काही चूक आढळल्यास तीही निदर्शनास आणावी.
>
> आपण दिलेल्या ३०० डब्यांचा दर्जा चांगला आहे. हे पत्र केवळ मुदतीच्या प्रश्नापुरते आहे. आदेशातील व कायद्यातील संस्थेचे इतर हक्क अबाधित आहेत.
>
> आपला विश्वासू,
> सचिव
>
> सोबत : आदेश, ७ व २५ ऑक्टोबरची चलने, ८ ऑक्टोबरचे पत्र, १४ ऑक्टोबरचा ईमेल, बदली मालाचे बिल.

या पत्रात सभ्यता शब्दांत कमी आणि वागण्यात जास्त आहे. ‘कृपया’ मोजून एकदाच आले आहे. पण समोरच्याच्या चांगल्या मालाची दखल आहे, त्याचे पैसे कधी मिळतील हे लिहिले आहे आणि हिशेब तपासायला त्याला जागा ठेवली आहे. ‘स्वीकारलेला नाही’ हे मात्र कुठल्याही विशेषणाशिवाय, सरळ भूतकाळात लिहिले आहे. ‘स्वीकारणे कठीण वाटते’ किंवा ‘स्वीकारण्याबाबत विचार सुरू आहे’ असे लिहिले असते, तर तो नकार ठरला नसता.

पत्र त्याच दिवशी आदेशावरील ईमेलवर आणि स्पीड पोस्टाने पाठवावे. व्हॉट्सॲपवर पाठवायला हरकत नाही, पण फक्त तिथेच पाठवू नये. संस्था जीएसटी नोंदणीकृत असेल आणि पुरवठादाराने ई-वे बिलावर तिचा क्रमांक घातला असेल, तर ते ई-वे बिलही पोर्टलवर नाकारावे. त्यासाठी तपशील दिसल्यापासून ७२ तास किंवा माल पोहोचण्याची वेळ, यांपैकी जे आधी असेल तेवढाच अवधी असतो. नाही तर ते स्वीकारले असे धरले जाते आणि उद्या तोच कागद समोर येतो.

पुरवठादाराने ‘थोडे कमी करा, पण घ्या’ म्हटले तर?

तो असे म्हणण्याची शक्यता मोठी आहे. नाव कोरलेले डबे त्याला दुसरीकडे विकता येणार नाहीत. कोरीव काम पुसण्याचा खर्चही त्याच्याच माथी आहे. संस्थेलाही कदाचित वाटेल की वार्षिक सभेला हे डबे कामी येतील, अर्ध्या किमतीत मिळाले तर वाईट नाही.

असा समझोता जरूर करता येतो, फक्त तो जुन्या आदेशाची पुढची पायरी म्हणून करू नये. ‘बरं, ठेवून जा, दराचे नंतर बघू’ असे म्हणून माल उतरवला की नकार गेला, आणि दराचा वाद उरला. त्याऐवजी नवा दर, नवे बिल आणि ‘जुन्या आदेशाखालील ८,४५० रुपयांची भरपाई मान्य, २०,००० रुपयांची मागणी सोडली’ किंवा जे ठरेल ते, एका कागदावर दोघांच्या सहीने आधी व्हावे. टेम्पो त्यानंतर रिकामा करावा.